पंधरा आठवडे, शंभर गुण

सत्राच्या पहिल्या तासाला अभ्यासक्रमाची रूपरेषा हातात पडली, की वर्गातली निम्मी मुले पहिले पान न वाचताच शेवटचे पान उघडतात. पहिल्या पानावर उद्दिष्टे असतात, मधल्या पानांवर आठवडेवार विषय आणि वाचनाची पुस्तके, शेवटी गुणांचा तक्ता. ‘लेखीला किती, इंटर्नलला किती?’ एवढे कळले की कागद वहीत जातो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेर येतो. प्राध्यापकांना याचा राग येतो. पण मुलांचे काही चुकत नाही. रूपरेषेतले खरे काय आणि शोभेचे काय, हे गुणांच्या तक्त्यावरूनच कळते.

विषय अध्यापनशास्त्राचा असेल तर हे आणखी बोचते, कारण शिकवावे कसे हेच तिथे शिकवायचे असते. एक नमुना घेऊन पाहू. ‘अध्यापनशास्त्राची ओळख’ असा एक पेपर, बी.ए.च्या सुरुवातीच्या वर्गासाठी. चार श्रेयांक, शंभर गुण. त्यांपैकी ६० सत्रान्त लेखी परीक्षेला आणि ४० अंतर्गत मूल्यमापनाला. वर्गात पन्नास विद्यार्थी. आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, म्हणजे साठ तास.

या साठ तासांतच पहिली अडचण दडलेली आहे. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात प्रवेश लांबतात, मग गणपती येतात, मध्येच कॉलेजच्या चाचण्या, स्नेहसंमेलनाच्या तालमी, एखादे शिबिर. कागदावरचे पंधरा आठवडे प्रत्यक्षात बारा-साडेबारा भरतात. तरीही बहुतेक रूपरेषा पंधरा आठवड्यांत पंधरा विषय बसवतात. परिणाम ठरलेला: शेवटचे दोन-तीन विषय ‘घरी वाचून घ्या’ या सदरात जातात. आणि दरवर्षी तेच विषय जातात, कारण क्रम बदलत नाही. सर्वसमावेशक शिक्षण, मूल्यमापन हे घटक जुन्या रूपरेषांमध्ये हमखास तळाशी सापडतात. म्हणून आपल्या नमुन्यात विषय बाराच ठेवले आहेत. उरलेल्या तीन आठवड्यांपैकी पाचवा शाळाभेटीसाठी, अकरावा विद्यार्थ्यांच्या छोट्या पाठांसाठी, आणि गणपतीच्या सुमारास येणारा आठवा सरळ ‘राखीव’ असे लिहून मोकळा सोडला आहे. पंधराव्या आठवड्यात मुद्दाम असा विषय ठेवला आहे, जो बुडाला तरी विद्यार्थ्याला स्वतः वाचता येईल: पाठ्यपुस्तकाकडे पाहण्याची दृष्टी आणि पाउलो फ्रेअरे यांची शिक्षणातल्या ‘बँक पद्धती’वरची टीका, म्हणजे शिक्षकाने माहिती भरायची आणि मुलाने ती साठवायची या पद्धतीवरची.

सुरुवात कुठून करायची, हा दुसरा प्रश्न. जुनी वाट ठरलेली आहे: शिक्षणाच्या व्याख्या, मग आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद. महिना असा जातो आणि विद्यार्थी एव्हाना ठरवून मोकळा होतो की हा पाठांतराचा पेपर आहे. या विषयाचे एक वेगळेपण त्यात हरवते. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला येणाऱ्या मुलाने आयुष्यभर प्रयोगशाळा पाहिलेली नसते. शिक्षणशास्त्राच्या वर्गात बसलेल्याने मात्र शिकवणे बारा-तेरा वर्षे रोज पाहिलेले असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावरच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहिलेले असते, असा त्यांचा हिशेब. ही एक प्रकारची उमेदवारीच. फक्त तिच्यात शिक्षक काय करतो हे दिसते, तसे का करतो हे दिसत नाही. उद्या हाच विद्यार्थी फळ्यासमोर उभा राहिला की आपल्या आवडत्या नाही तर नावडत्या सरांची नक्कल करतो. म्हणून पहिला आठवडा आठवणींचा: शाळेतली एक तासिका आठवा, शिक्षकांनी काय केले ते लिहा, आणि त्यांनी ते का केले असेल याचे दोन अंदाज करा. दुसऱ्या अंदाजाला बहुतेकांची लेखणी अडखळते, आणि पेपर तिथून सुरू होतो.

दुसऱ्या आठवड्याचे वाचन गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’चे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराशी जोडलेले गिजुभाई मुळात वकील. १९३०च्या दशकात आलेले त्यांचे हे छोटे गुजराती पुस्तक मराठीतही मिळते. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो, अशी त्याची कल्पित कथा आहे. रूपरेषेत सहसा ‘दिवास्वप्न: गिजुभाई बधेका’ एवढेच छापतात. इथे मात्र पुस्तकाच्या सुरुवातीची काही पानेच नेमली आहेत. त्या पानांत शिक्षक पहिल्याच दिवशी सपशेल फसतो. माँटेसोरी पद्धतीत वाचलेला शांततेचा खेळ तो तयारीनिशी घेतो, आणि मुले त्याची पुरती दाणादाण उडवतात. शेवटी मुलांना सुट्टी देऊन तो सुटका करून घेतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागतो तेव्हा वर्ग त्याच्या हाती येतो. विद्यार्थ्यांसाठी प्रश्न एकच: पहिल्या दिवशीची तयारी कमी पडली की तयारीच चुकीच्या गोष्टीची होती? यावर वर्गात दोन तट पडतात आणि तास कधी संपला ते कळत नाही. हे पुस्तक पूर्ण नेमले असते तर निम्म्यांनी ते उघडलेच नसते.

वाचनाबद्दल थोडे थांबायला हवे, कारण रूपरेषेतला सर्वांत खोटा भाग बहुधा हाच असतो. शेवटी तीस-चाळीस पुस्तकांची संदर्भसूची असते. त्यातली काही बाजारात मिळत नाहीत, काही ग्रंथालयात एकाच प्रतीत असतात, आणि सूची जुन्या रूपरेषेवरून जशीच्या तशी उतरलेली असते. हिशेब साधा आहे. नव्या श्रेयांक चौकटीत एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे वर्गातले आणि वर्गाबाहेरचे मिळून ३० तास धरतात. चार श्रेयांकांचे १२०. त्यातले ६० वर्गात गेले, म्हणजे आठवड्याला चार तास बाहेर उरतात. त्यात शाळाभेटीचा अहवाल आणि पाठाची तयारी धरली, तर वाचनाला दीड-दोन तास. टिपणे काढत वाचणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाची या वेळात पंधरा-वीस पाने होतात. तेव्हा दर आठवड्याला तेवढीच पाने, पानांच्या क्रमांकांसह, आणि त्यांची झेरॉक्स किंवा पीडीएफ आधीच हाती. बाकीची पुस्तके ‘पूरक’.

तिसऱ्या आठवड्याचे वाचन म्हणून महात्मा जोतीराव फुले यांचे १८८२ सालचे हंटर आयोगापुढचे निवेदन घेतले आहे. फुल्यांचे हे लेखन इतिहासाच्या पेपरात वाचतात. अध्यापनशास्त्राच्या पेपरात त्याला क्वचितच जागा मिळते. सरकारचा पैसा उच्च शिक्षणाकडे वळतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते ही त्यातली तक्रार सर्वांना माहीत असते. पण त्यात शिक्षक कसा असावा याविषयी नेमके सांगितले आहे: तो शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षित, आणि नांगराला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायला न लाजणारा असावा. शिक्षक आणि मूल यांच्यातले सामाजिक अंतर शिकण्यावर परिणाम करते, हा अध्यापनशास्त्राचाच सिद्धान्त झाला. पुढे तेराव्या आठवड्यात घरची भाषा आणि शाळेची भाषा यांचा विषय येतो तेव्हा हे पान पुन्हा उघडावे लागते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडते, तेव्हा त्याला न कळणारी गोष्ट धडा असते की धड्याची भाषा, हे शिक्षकाला ओळखता आले पाहिजे.

आता शाळाभेट. चौथ्या आठवड्यात वर्ग कसा पाहायचा हे शिकायचे आणि पाचव्यात जवळच्या शाळेत जाऊन पाहायचा. ‘शिक्षकांनी छान शिकवले, मुले रमली होती’ असे अहवाल यायला नको असतील, तर पाहण्यासारखी गोष्ट एकच आणि मोजता येईल अशी हवी. प्रश्नानंतरची शांतता ही तशी गोष्ट आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच पुढचे नाव घेतात, नाही तर स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हाच थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यासमोर उभे राहून काढायला फार जड जातात.

म्हणून विद्यार्थ्याने वर्गात मागे बसून एका कागदावर फक्त तीन खाणी आखायची: प्रश्न, थांबा, आणि उत्तर कोणत्या बाकावरून आले. सेकंद मोजायला मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचे. समजा ३५ मिनिटांच्या तासिकेची नोंद अशी आली: प्रश्न ४१, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबा फक्त चार वेळा, ३३ उत्तरे पहिल्या दोन बाकांवरून. एवढ्या आकड्यांवर अहवाल उभा राहतो. पंधरापैकी पाच गुण या कच्च्या नोंदीला, पाच गुण त्यातून काय दिसते हे मांडण्याला, आणि पाच गुण एका प्रश्नाची नवी मांडणी करण्याला. आणखी एक काळजी घ्यावी लागते. कॉलेजची मुले येणार म्हटले की शिक्षक हातखंडा पाठ काढतात आणि मुलेही इस्त्री करून येतात. शक्य असेल तर दोन भेटी ठरवाव्यात आणि नोंद दुसऱ्या भेटीची घ्यावी.

अहवालांची नक्कल होतेच. ती ओळखायची खूण अशी: दहा जणांचे आकडे एकसारखे गोल येतात, चाळीस प्रश्न, दहा थांबे. खऱ्या तासिकेचे आकडे वाकडेतिकडे असतात. त्यामुळे कच्चा कागद त्याच दिवशी सायंकाळी जमा करून घ्यायचा, खाडाखोडीसकट. स्वच्छ प्रत नको.

अंतर्गत ४० गुणांतले पंधरा असे गेले. पंधरा छोट्या पाठाला आणि दहा वाचनाच्या टिपणांना. पाठाचे पंधरा ठरवणे सोपे, पण मिनिटे मोजल्याशिवाय ते तक्त्यात लिहू नयेत. सूक्ष्म अध्यापनाचे आपल्याकडे शिकवले जाणारे चक्र ३६ मिनिटांचे: सहा मिनिटे पाठ, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, पुन्हा सहा पाठ आणि सहा प्रत्याभरण. एकाच अध्यापकाने सर्वांची चक्रे पाहायची म्हटली तर पन्नास विद्यार्थ्यांचे १,८०० मिनिटे, म्हणजे तीस तास होतात. अर्धे सत्र! तरीही ‘प्रत्येक विद्यार्थी सूक्ष्म पाठ देईल’ असे लिहिलेल्या रूपरेषा असतात, आणि मग पाठ होतात ते कागदावर. आपल्या नमुन्यात विद्यार्थी जोडीने पाठ घेतात: सहा मिनिटे पाठ, चार मिनिटे चर्चा. पंचवीस जोड्यांचे २५० मिनिटे, म्हणजे अकराव्या आठवड्याचे चार तास आणि वर दहा मिनिटे. पुन्हा पाठ घ्यायची संधी यात जाते, आणि ती सूक्ष्म अध्यापनातली मोलाची गोष्ट आहे. ती भरून काढायला सुधारित पाठ टाचण लेखी मागवले आहे. पूर्ण भरपाई होत नाहीच.

आता शेवटच्या पानाकडे. कागदावर लेखीचा भारांश ६० टक्के, अंतर्गतचा ४० टक्के. प्रत्यक्षात तसा असतो का? तीन विद्यार्थिनी घेऊ. अंतर्गतमध्ये पहिलीला ३७, दुसरीला ३५, तिसरीला ३६. लेखीत पहिलीला २२, दुसरीला ४४, तिसरीला ३३. बेरजा ५९, ७९ आणि ६९. अंतर्गतमध्ये अव्वल असलेली मुलगी एकूणात सर्वांत मागे आणि तिथे सर्वांत मागची सर्वांत पुढे. क्रम लावला तो फक्त लेखीने. चाळीस गुणांनी काहीच ठरवले नाही. कारण त्या चाळिसांत मुलींमधले अंतर दोन गुणांचे होते आणि साठांत बावीसचे. एखाद्या भागाचा खरा भार त्याच्या कमाल गुणांवर ठरत नाही. त्या भागात विद्यार्थी एकमेकांपासून किती दूर पडतात, यावर तो ठरतो.

सगळ्यांना पस्तीस ते अडतीसच्या दरम्यान इंटर्नल देण्याची रीत अनेक कॉलेजांत आहे. त्यामागे दयाबुद्धी असते, कधी निकालाची काळजी, आणि कधी पन्नास अहवाल वाचायला वेळ नसणे. पण त्याने शाळेत जाऊन प्रामाणिकपणे सेकंद मोजणाऱ्या मुलीचे कष्ट आणि शेजारणीचा कागद उतरवणारीचे कष्ट एकाच भावाने विकले जातात. उपाय गुण कापण्यात नाही. अहवालाचे पंधरा गुण वर सांगितल्याप्रमाणे पाच-पाच-पाचमध्ये फोडले आणि प्रत्येक पाचात कशाला एक, कशाला तीन, कशाला पाच हे आधीच लिहून वाटले, की अंतर आपोआप दिसू लागते. नुसते आकडे उतरवणाऱ्याला पहिल्या पाचात चार मिळतील, दुसऱ्यात एक. आणि का ते त्याला कळेल.

लेखीच्या साठ गुणांसाठी प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता असतो. बी.एड.ला सगळे तो शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथे हिशेब सरळ आहे: बारा विषय-आठवडे, साठ गुण, म्हणजे आठवड्याला पाच. शिक्षण कोणासाठी आणि कोणी द्यायचे, या पहिल्या तीन आठवड्यांना १५. निरीक्षण, पियाजे आणि व्हिगॉट्स्की या शिकण्याच्या घटकाला १५. नियोजन, भाषा, मिश्र वर्ग आणि पाठ्यपुस्तक या चार आठवड्यांना २०. मूल्यमापनाच्या दोन आठवड्यांना १०. तक्ता इतका नेटका असूनही एका ओळीने तो मोडतो: ‘कोणतेही चार प्रश्न सोडवा.’ ही सवलत मिळाली की विद्यार्थी एक पूर्ण घटक सोडून देतो, आणि बहुतेकदा तो मूल्यमापनाचाच असतो. पर्याय द्यायचा तर घटकाच्या आत द्यावा: हा प्रश्न नाही तर तोच घटक दुसऱ्या अंगाने.

प्रश्नाचे रूपही बदलावे लागते. ‘प्रश्नकौशल्याचे घटक स्पष्ट करा’ असे विचारले, तर शाळाभेटीला न गेलेला मुलगा गाइड वाचून जास्त गुण घेईल. त्याऐवजी वर्गातला एक तुकडा द्यावा. शिक्षिका विचारतात, ‘पाने हिरवी का असतात?’ क्षणभरात त्याच म्हणतात, ‘हरितद्रव्यामुळे, हो ना?’ मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. शिक्षिका फळ्यावर ‘हरितद्रव्य’ लिहितात. यावर सहा गुण: मुलांना काय समजले हे या उत्तरावरून कळते का, का कळत नाही, दोन गुण, शिक्षिकेने नेमके कुठे थांबायला हवे होते, दोन गुण, दुसरे वाक्य बदलून लिहा, दोन गुण. शेवटच्या भागाचे पाठ करता येईल असे उत्तर नाही. ‘लाल माठाच्या पानात हरितद्रव्य असेल का, तुम्हाला काय वाटते?’ असे एखाद्याने लिहिले, तर त्याला नियोजन कळले आहे.

बाराव्या आठवड्यात विद्यार्थी असे प्रश्न स्वतः तयार करतात. त्याच आठवड्याचे वाचन इटलीतल्या बार्बियाना शाळेच्या मुलांनी १९६७ साली लिहिलेल्या पुस्तकाचे आहे. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने वाचले जाते. टस्कनीतल्या डोंगराळ गावात पाद्री लोरेन्झो मिलानी यांनी चालवलेल्या शाळेतल्या आठ मुलांनी, गरिबांच्या मुलांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले हे पत्र. नापास कोण होते आणि कोणाच्या घरची मुले होतात याची आकडेवारी मुलांनी स्वतः गोळा करून मांडली होती. परीक्षा कशी घ्यावी यावर डझनभर व्याख्यानांनी होत नाही ते त्यातली दहा-पंधरा पाने वाचून होते.

एवढे सगळे बसवूनही एक गाठ सुटत नाही. संलग्न कॉलेजांची लेखी प्रश्नपत्रिका वर्गात शिकवणारा प्राध्यापक काढत नाही. विद्यापीठाने नेमलेला, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातला प्राध्यापक काढतो. त्याच्या हाती घटकांची नावे आणि मागच्या वर्षांचे पेपर असतात; आठवड्यांचा आराखडा, वाचनाची पाने किंवा तीन खाणींचा कागद त्याने पाहिलेला नसतो. तो ‘स्पष्ट करा’ आणि ‘टिपा लिहा’ असेच विचारणार. अभ्यास मंडळाने अभ्यासक्रमासोबतच संविधान तक्ता आणि घटकागणिक दोन-दोन नमुना प्रश्न मंजूर करून घेतले, तर त्याला ते बांधून घेता येते. मंजुरी मिळाली नाही, तर सत्र सुरू होण्याआधी प्राध्यापकाला एक अप्रिय काम करावे लागते. मागच्या तीन वर्षांचे पेपर समोर ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या आठवड्यात उत्तर देण्याजोगा होतो ते लिहायचे. ज्या आठवड्यांपुढे एकही प्रश्न पडत नाही, त्यांचा भार अंतर्गतच्या चाळीस गुणांत हलवायचा, आणि बदललेला तक्ता पहिल्याच तासाला वाटायचा.